होमट्रेडचे तीस कोटी आणि पैशाचा माग

एप्रिल २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या हिशेबातला एक प्रश्न पोलिस ठाण्यात पोहोचला. बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी दलालांना पैसे दिले होते. ते रोखे कुठे आहेत? ते कुठेच नव्हते. लवकरच कळलं की हाच प्रश्न वर्ध्याच्या आणि आपल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, जिल्हा बँकेलाही लागू आहे. उस्मानाबादच्या डीसीसीचे सुमारे ३० कोटी रुपये नवी मुंबईच्या होमट्रेड कंपनीकडे अडकले होते. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान आणि हृतिक रोशन यांना घेऊन जाहिराती करणारी हीच ती कंपनी. नागपूरची रक्कम मोठी होती. होमट्रेडसह पाच दलाल कंपन्यांकडे मिळून मुद्दलच सव्वाशे कोटींच्या घरात गेलं होतं.

या प्रकरणाच्या निमित्ताने जे समज पक्के झाले ते आजही पतसंस्थांच्या दारात ऐकू येतात. पांढरपेशा गुन्हा कसा घडतो आणि कसा उलगडतो, हे पाहायला याच्याइतकं स्पष्ट उदाहरण मराठी मुलखात क्वचितच सापडेल.

समज: पैसे बुडाले, म्हणजे ४२० झालीच

फसवणूक आणि विश्वासघात हे दोन वेगळे गुन्हे आहेत, आणि तपासाची दिशा यातला कोणता घडला यावर ठरते. फसवणुकीत समोरच्याचा हेतू पहिल्या दिवसापासून खोटा असावा लागतो. खोटं सांगूनच त्याने तुमच्याकडून पैसे काढलेले असतात. विश्वासघातात पैसे सरळ मार्गाने, विश्वासाने सोपवलेले असतात आणि बेइमानी नंतर होते. जुन्या भारतीय दंड संहितेत ही कलमं ४२० आणि ४०६ ते ४०९ अशी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे ३१८ आणि ३१६ झाली. एकाच व्यवहारात एकाच माणसावर एकाच वेळी दोन्ही बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा बजावलं आणि दोन्ही कलमं सरसकट ठोकून देण्याच्या पोलिसी सवयीवर ताशेरेही ओढले.

तिसरी शक्यता लोक विसरतात. घेणाऱ्याचा धंदा खरोखर बुडाला असेल, तर तो गुन्हा नसून दिवाणी येणं असतं. म्हणून तपास अधिकारी आधी तारखा मांडतो. पैसे घेतले त्या दिवशी कंपनीची अवस्था काय होती? ज्या कामासाठी घेतले त्या कामाकडे एक रुपया तरी गेला का? पैसे आले त्याच आठवड्यात ते जुनी देणी भागवायला वळवले गेले असतील, तर हेतू सिद्ध करायला दुसरं फार काही लागत नाही.

समज: स्वतःच्या खिशात घातले नाहीत, मग गुन्हा कसला?

हा समज सहकारात सर्वात घट्ट रुतलेला आहे. ‘साहेबांनी पैसा खाल्ला नाही, निर्णय चुकला’ हे वाक्य जिल्ह्याजिल्ह्यात ऐकायला मिळतं.

कायद्यात मात्र बेइमानीच्या व्याख्येत दोन टोकं आहेत: कुणाला तरी गैर लाभ करून देणं किंवा कुणाचं तरी गैर नुकसान करणं. लाभ आपलाच झाला पाहिजे असं नाही. सोपवलेला पैसा ज्या कायद्याने, ज्या अटींवर वापरायचा त्या जाणूनबुजून मोडून तिसऱ्याच्या हवाली केला, तरी विश्वासघात होतो. प्रामाणिकपणे घेतलेला पण अंगलट आलेला निर्णय यात बसत नाही, हेही तितकंच खरं. सगळी लढाई या दोहोंमधल्या रेषेवर होते. कलम ४०९ तर बँकर, दलाल, लोकसेवक अशांसाठीच आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

नागपूरच्या खटल्यात २२ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि नंतर राज्यात मंत्री झालेले सुनील केदार, बँकेचे तेव्हाचे महाव्यवस्थापक आणि दलाल कंपन्यांशी संबंधित चौघे अशा सहा जणांना पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. केदारांना साडेबारा लाखांचा दंडही झाला आणि त्यांची आमदारकी गेली. तिघे निर्दोष सुटले. केदारांनी निकालाला आव्हान दिलं असून जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. यातला लक्षात ठेवण्याजोगा भाग असा की पैसे देणारा आणि घेणारा एकाच दोषारोपात आले.

समज: कागद आहे, म्हणजे माल आहे

सरकारी रोखा ही तिजोरीत ठेवायची वस्तू आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात २००२ च्या आधीही बहुतेक रोखे म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातल्या खात्यावरची नोंद असायची. त्याला एसजीएल खातं म्हणतात. ज्या बँकेचं स्वतःचं एसजीएल खातं नाही, तिचे रोखे दुसऱ्या मोठ्या बँकेच्या ग्राहक-खात्यात ठेवता येतात. थोडक्यात, तुमचा रोखा आहे की नाही हे दलाल सांगत नाही, ती नोंद सांगते.

दलालाकडून मिळते ती कॉन्ट्रॅक्ट नोट. ‘अमुक रोखा अमुक भावाने तुम्हाला विकला’ एवढंच ती म्हणते. सौदा ठरल्याचा तो कागद आहे, रोखा हातात आल्याचा नाही. होमट्रेड प्रकरणात जिल्हा बँकांनी पैसे आधी मोकळे केले आणि रोखे यायची वाट पाहिली.

यातली खोट घरबसल्या ओळखता येते. समजा, बँकेने ५ कोटी दर्शनी किमतीचा, ११ टक्क्यांचा केंद्र सरकारचा रोखा घेतला. सरकार त्यावर वर्षातून दोनदा, रोख्यावर ठरलेल्याच तारखांना व्याज देतं. ५ कोटींचे ११ टक्के म्हणजे ५५ लाख, आणि सहामाहीला साडेसत्तावीस लाख. ही रक्कम रुपयाचाही फरक न पडता, ठरल्या तारखेला, रोखा ज्या खात्यात आहे त्या खात्यामार्फत यायला हवी. ती चार-आठ दिवस उशिरा, गोळाबेरीज आकड्यात आणि दलालाच्या चालू खात्यावरच्या चेकने आली, तर रोखा अस्तित्वात नाही असं समजून चालावं. व्याज सरकार देत नाही, दलाल देतो आहे. बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी मुद्दलातून. लेखापरीक्षकाने व्याज जमा झालं एवढंच पाहिलं आणि ते कुठून आलं हे पाहिलं नाही, तर ताळेबंद वर्षानुवर्षं स्वच्छ दिसतो.

घोटाळ्यानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांचे रोख्यांचे नियम आवळले. रोखे खात्यावरच हवेत आणि दलालाने सौदा फक्त जुळवून द्यावा, स्वतः विक्रेता म्हणून पैसे घेऊ नयेत, असा दंडक आला.

समज: एवढे कोटी गायब झाले, आता कुठे सापडणार?

बँकेतून गेलेला पैसा गायब होत नाही. तो खात्यातून खात्यात जातो आणि प्रत्येक पायरीवर दोन नोंदी सोडतो, एक नावे आणि एक जमा. २००२ मध्ये आरटीजीएस नव्हतं, ते २००४ मध्ये आलं. तेव्हा माग चेकचा, पे-ऑर्डरचा आणि समाशोधनाच्या शिक्क्यांचा होता.

तपास बँकेच्या आतून सुरू होतो. गुंतवणुकीचा ठराव, व्हाउचर, त्यावरच्या सह्या आणि चेक. ठरावाची तारीख चेकच्या नंतरची असेल, तर पहिला धागा तिथेच मिळतो. चेक ज्या खात्यात वटला त्याचा उतारा आणि खातं उघडण्याचा अर्ज मागवतात, कारण सही कोण करतो ते त्यातून कळतं. मग त्या उताऱ्यात चेक जमा झाल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस ओळ न् ओळ वाचतात. त्यातून निघालेली प्रत्येक मोठी रक्कम म्हणजे पुढचं एक खातं, आणि तिथे पुन्हा हेच. या उताऱ्यांच्या प्रमाणित प्रती १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याने न्यायालयात चालतात. संगणकीय नोंदींना आता वेगळं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. ते राहून गेलं तर चांगला पुरावाही अडतो.

खरी अडचण पैसा मिसळल्यावर येते. दलालाच्या एकाच खात्यात तीन संस्थांचे पैसे आले आणि पाच ठिकाणी गेले, तर उस्मानाबादचा रुपया कोणता? याला निसर्गाने दिलेलं उत्तर नाही. हिशेबनीस एक रीत धरतात, उदाहरणार्थ जो आधी आला तो आधी गेला, आणि तीच शेवटपर्यंत पाळतात. बचावाचा वकील उलटतपासणीत नेमकं यावरच बोट ठेवतो. माग रोखीपाशीही तुटतो. बेअरर चेकने पैसे काढले गेले की बँकेतला कागद संपतो. मग दुय्यम निबंधकाकडचे दस्त, सातबाऱ्यावरचे फेरफार आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं उलट्या बाजूने पाहावी लागतात. त्याच महिन्यांत कुणाच्या नावावर काय चढलं?

आणखी एक मर्यादा म्हणजे काळ. बँका जुने चेक आणि व्हाउचर साधारण पाच ते आठ वर्षं जपतात. तक्रार उशिरा झाली की गुन्हा राहतो, कागद राहत नाही.

समज: शिक्षा झाली की पैसे परत येतील

शिक्षेचा आणि वसुलीचा रस्ता एक नाही. नागपूरला २१ वर्षांनी शिक्षा झाली, पण त्या निकालाने बँकेच्या तिजोरीत सव्वाशे कोटी आले नाहीत. संचालकांकडून नुकसान वसूल करायला सहकार कायद्याचं कलम ८८ आहे. ठेवीदारांना फसवणाऱ्या वित्तीय आस्थापनांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्यात प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करून, विकून पैसे वाटता येतात. दोन्ही रस्ते लांब आहेत.

ठेवीदाराला लवकर पैसा मिळतो तो ठेव विम्यातून, आणि तो फक्त बँकांना आहे. धाराशिवच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम पाच लाखांच्या विमा मर्यादेत बसत असल्याचं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा लागू नाही. पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

ज्यांचे पैसे आज कुठे अडकले आहेत, त्यांनी आर्थिक गुन्हे शाखेत जाण्याआधी आपल्या बँकेतून त्या काळातला प्रमाणित खाते उतारा काढून घ्यावा. प्रत्येक भरण्याची तारीख, रक्कम आणि ज्याच्या नावे दिली ते नाव एका कागदावर ओळीने लिहावं. पावत्यांच्या मूळ प्रती कुणाच्याही हाती देऊ नयेत; पोलिसांनी जप्त केल्या, तर पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.