समाचाराला गेल्यावर बोलायचं काय?

एक घर डोळ्यांसमोर आणू या. पित्ताशयातले खडे काढण्यासाठी ५८ वर्षांचा माणूस दवाखान्यात दाखल झाला. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दोन दिवसांत घरी, असं ठरलं होतं. तिसऱ्या रात्री पोट फुगलं, ताप चढला, मुलगी सिस्टरला तीनदा सांगून आली. डॉक्टर पहाटे आले आणि सकाळी तो माणूस गेला. आज चौथा दिवस आहे. सतरंजी अंथरलेली, शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आलेली. समाचाराला आलेले एक काका बसता बसता विचारतात, "झालं तरी काय एकाएकी?"

काका वाईट हेतूनं विचारत नाहीत, पण इथून पुढं बैठकीचं वळण बदलतं. मुलगी सगळं पहिल्यापासून सांगते. ऐकणाऱ्यांपैकी एकजण म्हणतो, "त्या दवाखान्याबद्दल मी आधीही ऐकलं होतं." दुसरा म्हणतो, "तेव्हाच पुण्याला हलवायला हवं होतं." तिसरा हळूच पुटपुटतो, "मारलंच म्हणायचं त्यांनी."

ही वाक्यं डॉक्टरांना उद्देशून आहेत असं बोलणाऱ्याला वाटतं. ती लागतात मात्र घरच्यांना. दवाखाना कुणी निवडला? मुलीनं. संमतिपत्रावर सही कुणाची? तिचीच. "आधीही ऐकलं होतं" याचा तिच्या कानी पडणारा अर्थ "मग तू चौकशी का केली नाहीस" असा होतो. "पुण्याला हलवायला हवं होतं" म्हणजे "तू हलवलं नाहीस". समोर डॉक्टर नसतातच, त्यामुळे दोष फिरून घरातल्याच माणसाच्या पदरात पडतो. आपण दोष दिला हे देणाऱ्याला कळतही नाही.

उलट बाजूचं बोलणंही तितकंच टोचतं. "डॉक्टरांनी त्यांच्या परीनं केलंच असेल", "वेळ आली की कुणाचं चालत नाही", "आता उकरून काय उपयोग?" शंका मनात असलेल्या माणसाला यातून एवढंच समजतं की इथं बोलायची सोय नाही. हाही अंदाजच आहे, फक्त दवाखान्याच्या बाजूनं केलेला.

खरं काय झालं हे चौथ्या दिवशी त्या खोलीत कुणालाच माहीत नसतं. अशा शस्त्रक्रियेनंतर पोट फुगून ताप आला तर पित्त गळलेलं असू शकतं, आतड्याला इजा झालेली असू शकते. पायातली गुठळी फुप्फुसात गेली तरी माणूस अचानक जातो. शिवाय पित्त गळणं ही या शस्त्रक्रियेतली जाणती गुंतागुंत आहे. ती घडली एवढ्यानं निष्काळजीपणा ठरत नाही, आणि ती जाणती आहे एवढ्यानं निष्काळजीपणा नव्हता असंही ठरत नाही. लक्षणं वेळेत ओळखली का, हा प्रश्न वेगळाच राहतो. त्याचं उत्तर केसपेपरवरच्या नोंदींत, नाडी-तापाच्या तक्त्यात आणि शवविच्छेदन झालं असेल तर त्या अहवालात असतं.

ते उत्तर मिळायला किती काळ लागू शकतो, याचं एक जुनं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९५३ च्या मे महिन्यात गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्यात आणलं, तिथं हाड बसवण्यात आलं आणि त्याच दिवशी त्याची प्रकृती ढासळली. तो वाचला नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, चरबीचा कण रक्तवाहिनीत अडकणं. पुरेशी भूल न देता पाय जोरानं ओढल्याच्या धक्क्यानं मृत्यू झाला, असं आईवडिलांचं म्हणणं होतं. न्यायालयांनी साक्षी आणि पुरावे तपासून ते मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ मध्ये. भरपाई होती ३,००० रुपये. म्हणजे आईवडिलांची शंका खरी ठरली, पण ती तशी ठरायला १५ वर्षं गेली. समाचाराला आलेला पाहुणा दहा मिनिटांत निकाल देतो तेव्हा तो या सगळ्या वाटेवरून उडी मारत असतो.

त्यात आणखी एक धोका आहे, आठवणीचा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. नंतर काहींना मोटारी एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं, तर काहींना 'जोरात आदळल्या' असा शब्द वापरून. आठवड्यानं फुटलेल्या काचा दिसल्या का, असा प्रश्न केला. काचा फुटलेल्याच नव्हत्या, पण 'आदळल्या' ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना त्या आठवत होत्या. मुलीची आठवण उद्या साक्ष म्हणून लागू शकते. 'मारलंच' हा शब्द रोज चार तोंडून ऐकला, तर तिनं पाहिलेलं आणि ऐकलेलं यांची सरमिसळ होणारच. तिनं सिस्टरला किती वाजता सांगितलं हे स्वतःच्या शब्दांत एका वहीत लिहून ठेवणं म्हणूनच मोलाचं. ते लवकर झालेलं बरं.

मग बोलायचं काय? शंका मान्य करता येते, तिचा निवाडा न करता. "काय झालं हे अजून कळलेलं नाही, आणि ते डोक्यातून जात नसणार," एवढं वाक्य पुरतं. त्यात डॉक्टर दोषी नाहीत, निर्दोषही नाहीत. नंतर गेलेल्या माणसाविषयी बोलावं. शंकेच्या भरात तो माणूसच बाजूला पडतो, हे अशा घरांतलं वेगळं दुःख आहे. त्याच्या शेवटच्या बारा तासांची उजळणी सगळे करतात, आधीची ५८ वर्षं कुणी काढत नाही.

लांबून निरोप पाठवणाऱ्यांनीही तसंच लिहावं: "भाऊ गेल्याचं कळलं. आमच्या लग्नात रात्रभर जागून त्यांनी मांडव घातला होता, ते विसरणं शक्य नाही. तुमच्या मनात आत्ता बरेच प्रश्न असतील. बोलावंसं वाटलं तर कधीही फोन करा, नाही केलात तरी चालेल. रविवारी जेवणाचा डबा घेऊन येतो." हा मजकूर घरच्या ग्रुपवर न टाकता थेट त्या व्यक्तीला पाठवावा. ग्रुपवर एकानं दवाखान्याचं नाव लिहिलं की पुढचे पंधरा जण त्याचीच री ओढतात.

नात्यातल्या डॉक्टरची कसोटी सगळ्यांत अवघड. "तुला काय वाटतं?" हा प्रश्न त्याला हमखास येतो. कागद न बघता दिलेलं त्याचं मत घरचे शेवटचा शब्द समजतात. "कागद मिळाले की शांतपणे बसून वाचू. आज मी काही म्हटलं तर तो अंदाज असेल," हे त्याचं प्रामाणिक उत्तर.

घरच्यांनी आपण होऊन विचारलं, तर माहिती मात्र स्पष्ट द्यावी. शवविच्छेदन हवं असेल तर ते दहनाआधीच सांगावं लागतं. पहिल्या तासांत "कशाला चिरफाड" म्हणून रेटणारा आणि "करायलाच हवं" म्हणून रेटणारा, दोघेही घरच्यांचा निर्णय आपल्या हातात घेतात. उपचारांच्या कागदांसाठी लेखी अर्ज केल्यावर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यावेत, असा २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांचा दंडक आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला साधारण दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तेराव्याच्या आत काही ठरवायची घाई नसते.

त्या घरात पुढच्या आठवड्यात शेजारचे निवृत्त मास्तर येतात. मुलगी म्हणते, अर्ज कसा लिहायचा कळत नाही. मास्तर कोरा कागद घेतात. भरती झाल्याची तारीख, वॉर्ड, कोणते कागद हवेत, एवढंच लिहितात. खाली मुलगी सही करते. मास्तर अर्जाची एक प्रत तिच्याकडे ठेवतात आणि पोच घ्यायला तिच्याबरोबर जातात. रिक्षात ती त्यांना सांगते, बाबांना पाढे पाठ करायला तुम्हीच लावले होते, निमकीचा पाढा ते शेवटपर्यंत म्हणून दाखवायचे.