तापातली आकडी आणि भिंतीवरचे घड्याळ

बालकांचे ताप : लेखांक नववा

तापातल्या मुलाच्या खाण्यापिण्याविषयी या खेपेस लिहीन, असे मी गेल्या आठवड्यात कबूल केले होते; परंतु मध्यंतरी नारायण पेठेतील एका आजींचे सविस्तर पत्र आले, आणि ते वाचल्यावर पेज व वरणाचे पाणी हा विषय तूर्त तहकूब ठेवणेच मला युक्त वाटले.

पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. नातू चौदा महिन्यांचा, वजनाने दहा किलो, संध्याकाळपर्यंत घरभर रांगतचालत हिंडणारा. किंचित किरकिर करीत होता, परंतु त्याला ताप आहे हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. रात्री दूरचित्रवाणीवर आठच्या बातम्या नुकत्याच सुरू झाल्या असता त्याचे अंग एकाएकी ताठ झाले, डोळे वर गेले, दात आवळले गेले, ओठ निळसर पडले आणि मग दोन्ही हातपाय तालात झटकू लागले. सूनबाईंनी त्याला छातीशी कवटाळले, चिरंजीव गाडीची किल्ली शोधू लागले, शेजारच्या गृहस्थांनी कांदा फोडून नाकाशी धरला, आणि आजींनी, जीभ चावली जाऊ नये या सद्हेतूने, दातांच्या फटीत चमचा सारण्याचा प्रयत्न केला. ‘हे सारे दहापंधरा मिनिटे चालले असावे,’ असे आजी लिहितात. दवाखान्यात ताप १०३.४ अंश भरला. चौथ्या दिवशी ताप पार उतरला आणि छातीपाठीवर बारीक गुलाबी पुरळ उमटले. त्यांची पृच्छा अशी की, ताप दिसण्याआधीच आकडी आली कशी, चमचा घालू नका असे डॉक्टर रागावून का म्हणाले, आणि मुलाला पुढे फेफऱ्याचा विकार जडेल काय.

आजींनी पत्रात एक तपशील सहज म्हणून दिला आहे, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रात तोच सर्वांत मोलाचा. मूल ढिले पडून घोरू लागले तेव्हा चिरंजीवांनी डॉक्टरांना फोन लावला, आणि त्या फोनची वेळ यंत्रात ८ वाजून ३ मिनिटे अशी नोंदली गेली आहे. म्हणजे आजींची पंधरा मिनिटे घड्याळाच्या हिशेबाने जेमतेम तीन होती! यात आजींचा दोष नाही. आकडी पाहणाऱ्याच्या मनातला काळ असाच लांबतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या आईबापांच्या जबानीत ही तफावत इतकी नित्याची आहे की, ‘किती वेळ?’ या प्रश्नाच्या उत्तरावर मी पुराव्यावाचून विसंबत नाही. परंतु उपचाराची सारी दिशा या एका आकड्यावर ठरते. तापातली साधी आकडी बहुधा दोनतीन मिनिटांत आपली आपण थांबते. पाच मिनिटे उलटली तर मात्र ती आपण होऊन थांबण्याचा संभव कमी कमी होत जातो आणि ती औषधाने थांबवावी लागते. म्हणून आकडी दिसताच पहिले कृत्य कोणते असे विचाराल, तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ मोठ्याने उच्चारावी, म्हणजे घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी ती स्मरणात राहते.

दुसरे कृत्य मुलाला जमिनीवर किंवा रुंद पलंगावर एका कुशीवर निजवण्याचे. तोंड किंचित खालच्या अंगास असावे, म्हणजे लाळ किंवा ओकारी बाहेर वाहून जाते, श्वासनलिकेत उतरत नाही. गळ्याची बटणे सोडावीत, झबल्यावर झबले चढवले असेल तर वरचे काढावे, आसपासची कठीण वस्तू दूर करावी. कवटाळून धरण्याने आकडी थांबत नाही, फक्त मुलाची मान वाकडी होऊन श्वासाला अडथळा होतो. ओठ निळे पडतात ते छातीचे स्नायूही ताठरल्याने क्षणभर श्वास थबकतो म्हणून. झटके सुरू होताच श्वास, अनियमित का होईना, चालू होतो. घरात तिसरे माणूस असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावे. यात निर्दयपणा मुळीच नाही. झटके दोन्ही बाजूंना होते की एकाच हाताला, हे डॉक्टरांना त्या चित्रणावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

आता चमच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या चमच्याशी माझे जुने वैर आहे. जीभ गिळली जाते हा समज निखालस खोटा; जीभ तोंडाच्या तळाशी पक्की बांधलेली असते, ती गिळता येत नाही. ती चावली जाणे शक्य असते, परंतु ती जखम लहान असते आणि थोड्या दिवसांत भरून येते. याउलट आवळलेल्या जबड्यात धातूचा चमचा सारला की दुधाचा दात तुटतो, हिरडी फाटते, आणि तो दात किंवा रक्त श्वासमार्गात गेले तर आकडीने जो धोका निर्माण केला नव्हता तो आपण स्वहस्ते निर्माण करतो. दातखीळ उघडण्यासाठी बोट घालणारा स्वतःचे बोटही गमावू शकतो. याच न्यायाने त्या वेळी तोंडात पाणी, मध किंवा तापाचे पातळ औषध, काहीएक घालू नये. कांदा आणि चप्पल यांनी अपाय फारसा होत नाही, परंतु त्यांची ख्याती टिकली आहे ती या कारणाने की, कांदा शोधून, फोडून नाकाशी नेईपर्यंत दोनतीन मिनिटे सरलेली असतात आणि आकडी थांबण्याची वेळ आलेलीच असते.

पाच मिनिटांनंतरही झटके चालू असतील तर १०८ क्रमांकास फोन करावा. ज्या मुलास पूर्वी आकडी येऊन गेली आहे त्याच्या घरी डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकात मारावयाचा फवारा असू शकतो. त्याची मात्रा दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे या नातवास २ मिलिग्रॅम. एका फवाऱ्यातून किती मिलिग्रॅम पडते हे बाटलीगणिक निराळे असते, सबब आपल्या मुलाला किती फवारे, हे डॉक्टरांकडूनच बाटलीवर लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता भागाकार करण्याचा प्रसंग येऊ देऊ नये.

आकडी थांबल्यावर मूल झोपाळू होते, आणि याच टप्प्यावर लोक निश्चिंत होतात, ते मला योग्य वाटत नाही. आकडीपेक्षाही आकडीनंतरची जाग मी अधिक बारकाईने पाहतो. साध्या आकडीनंतरचे मूल अर्ध्यापाऊण तासात डोळे उघडते, आईला ओळखते, रडते, कडेवर येण्यासाठी हात पसरते. तासाभराने जे मूल नीट जागे होत नाही, किंवा जागे होऊनही शून्य नजरेने पाहते, त्याच्याबाबतीत तापाची आकडी हे निदान मोडीत काढून मेंदूच्या आवरणाचा किंवा खुद्द मेंदूचा दाह शोधला पाहिजे.

या भेदाचा एक भीषण दाखला आपल्या पुण्याच्याच एका संस्थेच्या दप्तरी आहे. १९६५ साली नागपूरकडील चांदीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात येथील विषाणू संशोधन केंद्राला, ज्यास आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात, एक नवा विषाणू सापडला आणि त्याला त्या गावाचे नाव मिळाले. पुढे कित्येक वर्षे तो जणू फायलीतच राहिला. २००३ च्या उन्हाळ्याअखेरीस आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात मुलांमध्ये ताप, आकडी आणि त्वरित येणारी बेशुद्धी अशी साथ उद्भवली. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडून १८३ दगावली, आणि पुण्याच्या तपासात त्या साथीशी हाच विषाणू निगडित आढळला. वालुमाशीच्या दंशाने तो पसरतो. तेथेही आरंभ ताप आणि आकडीनेच झाला होता. फरक इतकाच की ती मुले पुन्हा नीट जागी झाली नाहीत.

तेव्हा पहिल्या आकडीनंतर, मूल हसतेखेळते दिसले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावेच. आकडी एकाच अंगाला आली, पंधरा मिनिटांहून लांबली, चोवीस तासांत पुन्हा आली, मूल सहा महिन्यांहून लहान किंवा पाच वर्षांहून मोठे असले, टाळू फुगलेली किंवा मान ताठ असली, अंगावर दाबून न जाणारे जांभळे ठिपके दिसले, तर थेट रुग्णालय गाठावे. एक वर्षाच्या आतील मुलात मेंदूच्या आवरणाचा दाह असूनही मान लवचीक राहू शकते, आणि आधीच प्रतिजैविक चालू असेल तर लक्षणे झाकली जातात. म्हणून अशा मुलाच्या पाठीतले पाणी तपासावे असे डॉक्टर म्हणाले तर हुज्जत घालू नये. उलटपक्षी, साध्या आकडीनंतर मेंदूचा आलेख किंवा सीटी स्कॅन करवून घेण्याचा आग्रह पालकांनी धरू नये आणि डॉक्टरांनीही तो पुरवू नये; त्यातून पुढचे भाकीत होत नाही.

आजींच्या नातवाचे निदान पुरळाने आपसूक सांगितले. तीनचार दिवस कडक ताप, तो उतरताच गुलाबी पुरळ, ही ‘रोझिओला’ या विषाणुजन्य तापाची चाल. त्यात पहिल्याच दिवशी पारा झपाट्याने चढतो, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातील कोवळ्या मेंदूला तो ताप सोसत नाही. म्हणूनच पुष्कळदा आकडी हेच तापाचे पहिले लक्षण ठरते.

फेफऱ्याविषयी निर्वाळा देण्यास अमेरिकेतील कॅरिन नेल्सन व जोनास एलेनबर्ग यांची १९७६ ची पाहणी अद्याप पुरेशी आहे. त्यांनी तापाची आकडी आलेली १,७०६ मुले सात वर्षांची होईपर्यंत नजरेखाली ठेवली. साध्या आकडीच्या मुलांपैकी शंभरात दोनेकांहून अधिकांना पुढे अपस्मार जडला नाही, आणि बुद्धीत ती आपल्या भावंडांहून उणी नव्हती. पुन्हा आकडी येण्याचा संभव मात्र बराच असतो, तिघांत एकास, आणि या नातवाच्या बाबतीत किंचित अधिकच. कारण वय दीड वर्षाखालचे आहे, ताप समजण्याआधीच आकडी आली, आणि आजी लिहितात त्याप्रमाणे त्याच्या वडिलांनाही लहानपणी ती एकदा आली होती. पॅरासिटामॉल वेळेवर दिल्याने पुढच्या आजारातील आकडी टळते असे चाचण्यांत आढळलेले नाही. ते मुलाला बरे वाटावे म्हणून, पूर्ण जागे झाल्यावर, दर किलोमागे १५ मिलिग्रॅम या मानाने द्यावे, आणि थेंबांची बाटली व सरबताची बाटली यांची तीव्रता निरनिराळी असते हे वाचून द्यावे. तापाच्या दिवसांत दोनतीन दिवस क्लोबाझाम देण्याचा शिरस्ता आपल्याकडे आहे. वारंवार आकडी येणाऱ्या मुलात तो क्षम्य आहे, परंतु एका साध्या आकडीपायी तो मला पसंत नाही. त्याने मूल पेंगते, आणि पेंगलेल्या मुलाची खरी जाग पारखता येत नाही.

पत्राच्या समासात सूनबाईंनी स्वहस्ते आणखी एक प्रश्न घातला आहे. पुढच्या महिन्यात गोवर, गालगुंड व रुबेलाची पंधराव्या महिन्याची लस आहे, ती द्यावी काय? अवश्य द्यावी. या लसीने येणारा ताप त्याच दिवशी न येता सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास येतो. तेवढे दिवस कॅलेंडरावर खूण करून ठेवावे, त्या काळात मुलाला घेऊन लांबच्या प्रवासास निघू नये, आणि रात्री दिवा लावताच घड्याळ दिसेल अशा खोलीत निजावे.