घड्याळ टांगलंय मिलिमीटरभर पोलादावर

वडिलांचं एचएमटी माझ्याबरोबर दोह्याला आलं ते चामड्याच्या पट्ट्यासकट. पट्टा एकच उन्हाळा टिकला. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात इथे सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे, यावरून घामाची कल्पना यावी. पट्टा कुजला, वास मारू लागला, म्हणून नायलॉनचा आरपार जाणारा अखंड पट्टा आणला. तो चढवायला जुना पट्टा काढला, तेव्हा खरा आजार दिसला. पट्टा धरून ठेवणाऱ्या पिनेच्या टोकाशी तपकिरी भुकटी साचली होती.

ही पिन, म्हणजे स्प्रिंग बार, ही एक बारीक पोलादी नळी असते. आत स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना आत दबणारी बोंडं. घड्याळाच्या कानांतल्या भोकांत ही बोंडं जेमतेम मिलिमीटरभर शिरतात, आणि सगळं घड्याळ तेवढ्यावर टांगलेलं असतं. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते क्रोमियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरामुळे. घामातलं आणि समुद्रातलं क्लोराइड हा थर फोडतं. उघड्यावर तो हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा बनतो, पण नळीच्या फटीत ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून गंज आतून सुरू होतो. इथला समुद्रही जास्त खारट आहे. खुल्या महासागरात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, आखातात ४० च्या वर.

पिन शाबूत आहे का, हे पाहायला तिचं एक टोक टेबलावर दाबून सोडावं. बोंड टणकन बाहेर आलं तर ठीक. करकरलं, अर्ध्यातच अडकलं किंवा वाकडं दिसलं तर पिन फेकून द्यावी. तेल घालून तिला जगवण्यात अर्थ नाही. नवीन घेताना कानांमधलं अंतर मोजावं. माझ्या घड्याळाचं १८ मिलिमीटर भरलं. बोंडाची जाडीही भोकाला साजेशी हवी. बारीक बोंड मोठ्या भोकात हलत राहतं आणि भोक हळूहळू लांबट करून टाकतं.

पिन काढायला दोन दातांच्या टोकाचं स्वस्त हत्यार मिळतं. ते नसेल तर अगदी बारीक, चपट्या पेचकसावर भागतं. कानांच्या आतल्या बाजूला सेलोटेप लावावी, नाहीतर ओरखडे ठरलेलेच. पेचकसाचं टोक पिनेच्या कडेच्या कंगोऱ्यावर टेकवून पिनेच्या मध्याकडे ढकलायचं आणि किंचित वर उचलायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली की पिन तोंडावरही येते. माझी पहिली पिन एसीच्या मागे गेली, ती आजही तिथेच असेल. दुसऱ्या वेळी घड्याळ आणि हात दोन्ही पारदर्शक पिशवीत घालून काम केलं.

नायलॉनच्या अखंड पट्ट्यासाठी आधी दोन्ही पिना बसवाव्या लागतात. एक बोंड भोकात घालावं, दुसरं दाबून सरकवावं. टिक आवाज आला म्हणजे बसलं, असं मात्र समजू नये. बोंड भोकाच्या काठावर टेकूनही आवाज येतो. दातकोरणीने पिन चारही दिशांना जोरात ढकलून पाहावी. नीट बसलेली पिन जागेवर गोल फिरते, पण निसटत नाही.

मग माझी अडचण सुरू झाली. पिन आणि डबी यांच्यातल्या फटीत १.४ मिलिमीटर जाडीचा पट्टा शिरेना. पकडीने खेचला असता तर शिरलाही असता, पण पिन बाहेर वाकून बोंडं भोकातून सरकली असती. १.२ मिलिमीटरचा पट्टा आणला, तो बोटांनी ओढताच सरकला. बकल बाराच्या बाजूला ठेवून लांब टोक त्या बाजूच्या पिनेमागून खाली, डबीच्या पाठीखालून पुढे आणि सहाच्या बाजूच्या पिनेमागून वर काढायचं. शेवटी ते पट्ट्यालाच जोडलेल्या आखूड पट्टीच्या कडीतून ओवायचं. ही आखूड पट्टी घड्याळाला पट्ट्यावर घसरू देत नाही. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने १९७३ साली असा पट्टा आपल्या मानकांत घातला. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळतं, जमिनीवर पडत नाही. दोन्ही गेल्या तर मात्र तोही हतबल.

समुद्रावरून आल्यावर मी घड्याळ काढतो आणि पट्टा गोड्या पाण्यात खळबळतो. एचएमटीची डबी जुनी आहे, तिच्यात पाणी शिरतं, म्हणून ती कपड्याने पुसतो. काठाचे धागे सुटले तर पट्टा उतरवून तापलेल्या सुईचं टोक धाग्याला हलकेच लावतो. नायलॉन वितळून काठ बंद होतो. ज्योत धरली तर तो काळा पडतो आणि थेंब बोटावर चिकटतो. मागच्या ऑक्टोबरात दोन्ही पिना पुन्हा टेबलावर दाबून पाहिल्या. सहाच्या बाजूची जरा करकरली, म्हणून जोडीच बदलली.