मुलाला मुंबईला पाठवू नका, मंडळासमोर न्या



गेल्या महिन्यात लांजा तालुक्यातल्या एका गटाची बैठक संपली. सगळ्या उठल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या नात्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाचं नाव चोरीत आलं होतं. घरच्यांनी घाबरून त्याला रातोरात मुंबईला मामाकडे पाठवलं. "आता तरी सुटेल ना गं?" असं त्यांनी विचारलं. मला खरं सांगावं लागलं, की सोपी वाट घरच्यांनीच अवघड केली होती.

मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याच्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी धरतात, म्हणून तो सगळ्यात आधी शोधून ठेवायचा.

समजा, अशाच एका मुलाने शेजारच्या अंगणात वाळत घातलेली दहा किलो काजू बी उचलून विकली. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा असते, म्हणून कायद्याने हा किरकोळ गुन्हा. हीच बी घराच्या आतून नेली असती तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि तो गंभीर गुन्हा होतो. पण दोन्ही वेळा मुलावर एफआयआर होत नाही. पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद होते. बालकल्याण पोलीस अधिकारी घरची माहिती लिहून बाल न्याय मंडळाकडे पाठवतात आणि मंडळासमोर कधी यायचं ते आईबापांना कळवतात. तोवर मुलगा सहसा घरीच राहतो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. मात्र सोबत एखादा एकोणीस-वीस वर्षांचा मोठा मित्र असेल तर एफआयआर होते. तेव्हाही मुलाची चौकशी मंडळासमोर वेगळीच चालते.

मंडळ म्हणजे कोर्ट नव्हे. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली निदान एक बाई. बैठक कोर्टाच्या आवारात घ्यायची नाही असा नियम आहे. पहिल्या हजेरीनंतर परिविक्षा अधिकारी घरी येतात. घर कसं चालतं, शाळा का सुटली, मुलगा कोणाबरोबर फिरतो, हे सगळं विचारतात, आणि पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. माझ्या मते सगळ्यात वजनाचा कागद हाच. पुष्कळ आया इथे सगळं झाकतात. "माझा मुलगा तसा नाहीच" म्हणतात. बाप दारू पितो किंवा मुलगा वर्षभर शाळेत गेलेला नाही, हे सांगितलं नाही तर समुपदेशन कशावर करायचं?

मुलाने ते केलं असं चौकशीत दिसलं, तरी मंडळ त्याला समज देऊन आणि त्याचं व आईवडिलांचं समुपदेशन करून घरी सोडू शकतं. चौदा वर्षांपुढच्या मुलाला वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत असं सामाजिक काम देऊ शकतं. किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर, पालकाच्या नाहीतर एखाद्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. ही देखरेख जास्तीत जास्त तीन वर्षांची. ठरल्याप्रमाणे मुलगा वागला नाही तर मात्र विशेष गृहात पाठवायची तरतूद आहे. पुढे नोकरीला या प्रकरणाची आडकाठी येत नाही, आणि ठरावीक काळानंतर कागदपत्रंही नष्ट करतात.

आता मुंबईला गेलेल्या मुलाकडे येऊ. तारखेला मुलगा नाही, अहवालासाठी अधिकारी आले तर भेटायला कोणी नाही. घरच्यांच्या ताब्यात तो नीट राहील, यावरच तर मंडळ त्याला घरी सोडतं! तोच विश्वास गेला. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, तीही लांबते. त्या ताईंना मी म्हटलं, मुलाला परत बोलवा, आईने स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन तारीख विचारावी आणि शाळेचा दाखला सोबत घ्यावा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, मुलांना वकील फुकट मिळतो.

दुसरी एक गोष्ट वाडीत हमखास होते. मुलाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, गावकीत उभं करून नाव घेतात. अशा मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या गटातल्या कोणाच्या मोबाईलवर असा फोटो आला तर तो पुढे पाठवू नका, टाकणाऱ्याला काढायला सांगा. आणि परिविक्षा अधिकारी शेजारी म्हणून तुम्हाला विचारायला आले, तर दार लावून घेऊ नका. मुलाचं जे चांगलं-वाईट डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच सांगा, ऐकीव नको.

कोणाच्या घरी असा प्रसंग आला आणि काही सुचत नसेल, तर १०९८ वर फोन करा, किंवा रत्नागिरीत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला गाठा. एकटीला जायला भीती वाटत असेल तर मला सांगा, मी येते सोबत.