दारावरून मोजलेलं स्टेज

भाचीच्या रिसेप्शनचा हॉल दूरच्या गावात होता आणि हातात होता तो फक्त एक फोटो. रिकामा हॉल, समोर पांढरी भिंत, उजव्या कोपऱ्यात दार. डेकोरेटरने तेवढ्यावरच ‘तीस फुटी स्टेज मस्त बसेल’ असं सांगून टाकलं. फोटो मात्र मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेला. ही लेन्स लहान खोलीचाही दरबार करते, आणि कडेच्या वस्तू ताणून दाखवते. म्हणून नवा फोटो मागवला: साध्या लेन्सने, मागच्या भिंतीला टेकून, मधोमध उभं राहून, मोबाइल वर-खाली न झुकवता काढलेला. सोबत दाराची उंचीही टेपने मोजून मागितली. ती भरली बरोबर ७ फूट.

प्रिंटवर ते दार साडेतीन सेंटिमीटर उंच होतं. म्हणजे त्या भिंतीवर एक सेंटिमीटरला दोन फूट. भिंत भरली १५ सेंटिमीटर, म्हणजे ३० फूट. भिंतीलगतच्या दोन फुटी फरशाही पंधराच निघाल्या, तेव्हा हिशेबावर विश्वास बसला. हे माप त्याच भिंतीपुरतं चालतं. अलीकडचा खांब त्याच पट्टीने मोजला तर तो जास्तच जाडजूड निघेल.

आता ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने आखलं. उजवीकडचं दार मोकळं ठेवायचं, त्याचे ४ फूट गेले. आहेर घेऊन येणारे एका बाजूने चढतात आणि फोटो झाला की दुसरीकडून उतरतात; त्या दोन पायऱ्यांना तीन-तीन फूट. स्टेज उरलं २० फुटांचं! मधे ६ फुटी सोफा, दोन्ही बाजूंना सात-सात फूट. माणशी दोन फूट धरले तर एका बाजूला तिघं. मामा-मावश्यांचा गोतावळा आला की मागे दुसरी रांग करावीच लागणार, म्हणून सोफा भिंतीला न चिकटवता पुढे ओढला.

उंचीला तुळईपर्यंत १२ फूट. त्यातले २ फूट स्टेजचे गेले आणि वर दिव्यांसाठी एक फूट सोडला, तेव्हा मागचा पडदा नऊ फुटांचा झाला. भिंतीत खिडकी नव्हती हे नशीब. दिवसाच्या समारंभात पाठीमागून उजेड आला की फोटोत नवरानवरीचे चेहरे काळे पडतात.

प्रवेशद्वाराचा फोटो वेगळा मागवला, तोही दारं उघडून. बंद दाराच्या फोटोत पाच फुटी चौकट छान दिसत होती, पण दोन्ही फळ्या बाहेर उघडत होत्या. फुलांची कमान चौकटीला लावली असती, तर फळ्या तिच्या खांबांवर आपटल्या असत्या. म्हणून कमान दोन पावलं आत घेतली आणि तिच्या खांबांमध्ये आठ फूट अंतर ठेवलं. रांगोळी वाटेतून बाजूला, समईजवळ सरकवली; नाहीतर पहिल्या पन्नास पाहुण्यांतच पुसली असती.

डेकोरेटरला हा कागद पाठवला, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “पंखे कुठे आहेत?” फोटोत छत आलंच नव्हतं.