तीन ओळींचा मेल आणि नव्वद फूट तांबं

यंदा फेब्रुवारीत कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटसाठी मी चार एसी ठेकेदारांना एकच मेल पाठवला. मजकूर जेमतेम तीन ओळींचा होता : टू बीएचके फ्लॅट आहे, हॉल आणि दोन बेडरूमना एसी हवेत, आउटडोअर एकच बसेल, कृपया कोटेशन पाठवा. तीन दिवसांत तिघांची उत्तरं आली. पहिल्याने १,९२,००० रुपये सांगितले, दुसऱ्याने २,४६,०००. तिसऱ्याने तीन वेगवेगळे स्प्लिट एसी सुचवले आणि १,४५,००० मागितले. चौथ्याने कोटेशन पाठवलंच नाही. त्याने फोन करून विचारलं, "साहेब, पाइप किती फूट जाणार?"

मला उत्तर देता आलं नाही. मग लक्षात आलं, की तिघांनी आकडे पाठवले होते ते तीन वेगवेगळ्या कामांचे. काय काम करायचं हे मीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या मनातलं काम धरून भाव लावला. म्हणून मी तो मेल पुन्हा लिहिला. घरी मल्टी-स्प्लिट बसवायचा विचार करणाऱ्यांना त्या दुसऱ्या मेलमागचा हिशेब उपयोगी पडेल.

एक आउटडोअर, तीन खोल्या

मल्टी-स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसर असलेलं आउटडोअर युनिट एक असतं आणि त्याला दोन, तीन किंवा जास्त इनडोअर जोडलेले असतात. प्रत्येक इनडोअरसाठी तांब्याच्या दोन नळ्यांची वेगळी जोडी आउटडोअरपर्यंत न्यावी लागते. म्हणजे तीन खोल्यांसाठी तीन जोड्या.

हा प्रकार तीन सुट्या एसींपेक्षा महाग पडतो आणि आउटडोअर बिघडलं तर तिन्ही खोल्या एकदम बंद होतात. जागा असेल, तर तीन सुटे एसी घेणं हाच शहाणपणाचा मार्ग. आमच्या सोसायटीत मात्र दर्शनी भिंतीवर आउटडोअर लावायला बंदी आहे आणि ड्राय बाल्कनीत एकापुरतीच जागा आहे. तिसऱ्या ठेकेदाराचं कोटेशन स्वस्त होतं, पण त्याची उरलेली दोन आउटडोअर लावायची कुठे, हा प्रश्न राहत होता. हे कारण मी पहिल्याच मेलमध्ये लिहिलं असतं, तर त्याचा आणि माझा, दोघांचाही वेळ वाचला असता.

टनांची बेरीज

हॉलला दीड टन, मोठ्या बेडरूमला एक आणि मुलीच्या खोलीला पाऊण टन, अशी बेरीज सव्वातीन टन होते. तरीही दुसऱ्या ठेकेदाराने अडीच टनांचंच आउटडोअर धरलं होतं. पहिल्यांदा मला ती काटकसर वाटली. पण मल्टी-स्प्लिटमध्ये असं करणं रीतसर आहे. कोणत्या आउटडोअरला कोणते इनडोअर चालतील, याचा तक्ता कंपनीच देते. त्याला कॉम्बिनेशन टेबल म्हणतात. सव्वातीनला अडीचने भागलं, की १३० टक्के येतात आणि एवढी जोडणी अनेक मॉडेलना चालते.

तिन्ही खोल्या एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालल्या, तर प्रत्येकीला तिच्या टनांच्या साधारण ७७ टक्के थंडावा मिळेल. दीड टनांचा हॉल सव्वा टनाच्याही थोडा खाली येईल. आमच्याकडे संध्याकाळी हॉल चालतो आणि रात्री दोन बेडरूम, ज्यांची बेरीज पावणेदोन टन होते. त्यामुळे अडीच टन पुरतात. ज्यांच्या घरी एप्रिलच्या दुपारी तिन्ही खोल्यांत माणसं असतात, त्यांना पुरणार नाहीत. म्हणून मेलमध्ये खोल्यांची मापं द्यावीत, पश्चिमेची खिडकी कुठे आहे ते सांगावं आणि कोणत्या वेळी कोणत्या खोल्या एकत्र चालतात हेही लिहावं. घरातली ही सवय ठेकेदाराला दुसरीकडून कळणार नाही.

पाइप : किमतीतला न दिसणारा भाग

दुसऱ्या रविवारी मी टेप घेऊन घर मोजलं. ड्राय बाल्कनीपासून मुलीची खोली २० फूट, मोठी बेडरूम २८ फूट आणि हॉल ४२ फूट. एकूण ९० रनिंग फूट. वर-खाली जाणारा पाइपही मोजायचा असतो. इनडोअर छताखाली आणि आउटडोअर जमिनीवर असेल, तर तिथेच काही फूट वाढतात.

पहिल्या ठेकेदाराच्या १,९२,००० रुपयांत प्रत्येक इनडोअरमागे १० फूट, म्हणजे एकूण ३० फूट पाइप धरलेला होता. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : जादा पाइप ३५० रुपये फूट, जीएसटी वेगळा. उरलेल्या ६० फुटांचे २१,००० झाले. एकूण २,१३,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला, की आकडा २,५१,३४० वर जातो. दुसऱ्याच्या २,४६,००० रुपयांत ९० फूट पाइपही होता आणि करही. जे कोटेशन ५४,००० रुपयांनी स्वस्त दिसत होतं, ते खरं तर ५,३४० रुपयांनी महाग होतं.

लांबीचा संबंध गॅसशीही आहे. आउटडोअरमध्ये कारखान्यातून भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या पाइपला पुरतो. त्यापुढे दर मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा, हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं आणि तो वजनकाट्यावर मोजूनच भरायचा असतो. म्हणून पाइपची लांबी, जादा फुटाचा दर आणि जादा गॅसची किंमत, या तिन्ही गोष्टी कोटेशनमध्ये वेगळ्या मागाव्यात.

पाण्याला उतार हवा

इनडोअरमधून ठिबकणारं पाणी उताराने वाहतं. दर शंभराला एक एवढा उतार धरला, तर ४० फुटांत ड्रेनचा पाइप जवळपास पाच इंच खाली यायला हवा. आमच्या फॉल्स सिलिंगमध्ये बीमखाली उरते चार इंच जागा. म्हणजे हॉलचं पाणी ड्राय बाल्कनीपर्यंत नेणं शक्यच नव्हतं. ते जवळच्या बाथरूममध्ये सोडावं लागणार होतं. उतार कमी पडला, तर दोन-तीन महिन्यांनी सिलिंगवर पिवळा डाग उमटतो आणि तेव्हा दोष कोणाचा, हे ठरवता येत नाही. म्हणून प्रत्येक खोलीचं पाणी कुठे सोडणार, हे कोटेशनमध्येच लिहून मागितलं.

दुसरा मेल

हे सगळं धरून मी असा मेल लिहिला :

> विषय : कोथरूड, टू बीएचके फ्लॅट – तीन इनडोअरच्या मल्टी-स्प्लिट एसीचं कोटेशन
>
> महोदय, नमस्कार.
>
> फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. सोसायटीच्या नियमामुळे आउटडोअर फक्त ड्राय बाल्कनीत, एकच बसेल. फ्लॅटचा नकाशा, आउटडोअरच्या जागेचं माप आणि फोटो जोडले आहेत.
>
> हॉल १२ बाय १८ फूट, पश्चिमेला मोठी खिडकी. मोठी बेडरूम ११ बाय १३. लहान बेडरूम १० बाय ११. संध्याकाळी फक्त हॉल चालतो, रात्री दोन्ही बेडरूम. तिन्ही एकत्र क्वचित.
>
> माझ्या मोजणीनुसार पाइप ४२, २८ आणि २० फूट लागेल. कृपया जागेवर येऊन मोजावं आणि आपलं माप खोलीनुसार लिहावं.
>
> कोटेशनमध्ये पुढील गोष्टी वेगवेगळ्या द्याव्यात :
> १. आउटडोअर आणि तिन्ही इनडोअर यांचे मॉडेल नंबर व किंमत.
> २. इन्सुलेशनसह कॉपर पाइप, धरलेले फूट आणि जादा फुटाचा दर. इनडोअरजवळचा सोडून सिलिंग किंवा भिंतीच्या आत जोड नसावा.
> ३. प्रत्येक खोलीचं ड्रेन कुठे सोडणार.
> ४. भिंतीला किती छिद्रं, कुठे. बीम आणि कॉलमला छिद्र चालणार नाही.
> ५. वायर व एमसीबी आपल्याकडे की आमच्या इलेक्ट्रिशियनकडे.
> ६. जादा गॅस लागल्यास दर.
> ७. जीएसटीसह एकूण रक्कम.
>
> सिलिंग बंद करण्याआधी पाइपची नायट्रोजन भरून २४ तास चाचणी आणि ड्रेनमध्ये पाणी ओतून चाचणी माझ्यासमोर व्हावी. गॅस सोडण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनखाली आणावं. शेवटचा हप्ता या चाचण्यांनंतर देईन.
>
> १५ मार्चपर्यंत कोटेशन द्यावं. कोणी शंका विचारल्यास तिचं उत्तर मी सर्वांना कळवेन.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं ठरलं. चौथ्या ठेकेदाराने येऊन मोजलं आणि सांगितलं, की हॉलचा पाइप बीमला वळसा घालून न्यावा लागेल, ४२ फुटांत भागणार नाही, ४६ लागतील. ते मी बाकीच्यांनाही कळवलं. मग सगळ्यांचे आकडे ९४ फुटांवर आले आणि पहिल्यांदाच शेजारी ठेवून वाचता आले. तिसऱ्याने नम्रपणे कळवलं, की मल्टी-स्प्लिटचं काम तो करत नाही. पहिल्या दोघांच्या आकड्यांत आधी ५४,००० रुपयांचा फरक होता; आता उरलेल्या तिघांमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांच्यातला फरक ८,००० रुपयांवर आला.

चाचणीची ओळ कशासाठी

काम चौथ्याला दिलं. नळ्या बसवून झाल्यावर त्याच्या तंत्रज्ञाने तिन्ही जोड्यांत नायट्रोजन भरला. घड्याळात सकाळचे दहा वाजले होते, गेजवर ५०० पीएसआय होते. दुसऱ्या दिवशीही दहालाच बघा, असं त्याने बजावलं. रात्री हवा गार झाली, की नळीतला दाबही उतरतो. तापमान दहा अंशांनी उतरलं, तर तीन टक्क्यांच्या आसपास दाब कमी दिसतो आणि ती गळती नसते. वेळ तीच ठेवली, की हा घोळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला हॉल आणि मोठ्या बेडरूमच्या गेजवर काटा जागचा हललेला नव्हता. मुलीच्या खोलीचा मात्र ४४० वर आला होता. प्रत्येक खोलीची जोडी वेगळी असल्याने गळती कोणाची, हे लगेच कळलं. साबणाचं पाणी लावल्यावर इनडोअरमागच्या खाचेतल्या फ्लेअर नटजवळ बुडबुडे आले. नळीचं तोंड किंचित वाकडं झालं होतं. तंत्रज्ञाने ते कापलं, नवं फ्लेअर काढलं आणि पुन्हा दाब भरला. एक दिवस जास्त गेला.

त्या खाचेवर पुढच्या आठवड्यात प्लास्टर आणि रंग होणार होता. चाचणी झाली नसती, तर जूनपर्यंत गॅस हळूहळू निघून गेला असता. तिन्ही खोल्यांचा गॅस आउटडोअरमध्ये एकत्र येतो, म्हणून तिन्ही खोल्या थंड होईनाशा झाल्या असत्या. मग रंगवलेली भिंत फोडून तो नट शोधावा लागला असता. पहिल्या मेलवर आलेल्या तिन्ही कोटेशनांत या चाचणीचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या मेलमध्ये मी ती मागितली, म्हणून ती झाली.