इंग्रजीत शेरा लिहिताना : नव्या सहकाऱ्याला चूक सांगायची कशी?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नव्या शिक्षिकेच्या तासाला आम्ही निरीक्षणासाठी मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. पाचवीचा वर्ग, गणिताचा 35 मिनिटांचा तास, विषय अपूर्णांकांची बेरीज. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे निरीक्षणाचा फॉर्मही इंग्रजीतच भरायचा. तास संपल्यावर आम्ही दोन ओळी लिहिल्या : "युअर क्वेश्चनिंग इज पुअर. यू मस्ट इन्व्हॉल्व्ह ऑल स्टुडंट्स." सही केली आणि चहाला गेलो.

मधल्या सुट्टीत त्या मॅडम फॉर्म हातात घेऊन आल्या. डोळे भरलेले. म्हणाल्या, "सर, मेरा पढ़ाना इतना ख़राब था क्या?"

आम्ही चाटच पडलो. तास खरं तर चांगला झाला होता. एकच गोष्ट सुधारायची होती. म्हणून पुढच्या वेळी आम्ही जपून लिहिलं : "ओव्हरऑल गुड. सम इम्प्रूव्हमेंट नीडेड इन इंटरॅक्शन." मॅडम खूश झाल्या, सही केली आणि पुढचा महिनाभर अगदी पूर्वीसारखंच शिकवत राहिल्या. शिक्षिका तीच, उणीवही तीच. पहिल्या शेऱ्याने मन दुखावलं, दुसऱ्याने काहीच झालं नाही.

आपल्या घरांतली बरीच मुलं-मुली आज शाळेत, बँकेत, कंपनीत काम करतात. चार-पाच वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणीतरी नवीन येतं आणि त्याला त्याची चूक इंग्रजीत सांगायची वेळ येते. आमचा अनुभव शाळेतला आहे, पण अडचण सगळीकडे हीच असते.

नरमाई जाते कुठे?

मराठीत आपण म्हणतो, "मागच्या मुलांनाही जरा विचारत चला ना." उर्दूत म्हणतो, "पीछे वालों से भी ज़रा पूछ लिया कीजिए." दोन्ही वाक्यांत चूक दाखवलेली आहे, तरी ऐकणाऱ्याला बोचत नाही. कारण "जरा", "ना", "चला", "कीजिए" हे छोटे शब्द इज्जत सांभाळतात. "तू", "तुम्ही", "आप" यांतला फरकही तेच काम करतो.

इंग्रजीत धाकट्याला, मोठ्याला, साहेबाला, शिपायाला एकच "यू". आपण मनातलं वाक्य इंग्रजीत उतरवतो तेव्हा "जरा" आणि "ना" गळून पडतात आणि उरतो तो नुसता हुकूम. पुढे "प्लीज" लावलं तरी हुकूम तो हुकूमच राहतो. "प्लीज इन्व्हॉल्व्ह ऑल स्टुडंट्स" वाचताना वरून आलेलं परिपत्रकच वाटतं.

इंग्रजी ही नरमाई दुसऱ्या जागी ठेवते. एक, "कुड", "वुड", "माइट" अशा क्रियापदांत. दोन, हुकमाऐवजी प्रश्नात : "कुड यू ट्राय..." तीन, वाक्याच्या कर्त्यात. "यू डिड नॉट आस्क द बॅक बेंच" म्हणजे बोट थेट समोरच्याकडे. "आय नोटिस्ड दॅट द बॅक बेंच वॉज क्वाएट" म्हणजे मी काय पाहिलं, एवढंच. सांगितलेली गोष्ट एकच, पण दुसऱ्या वाक्यात आरोप नाही.

माणसाबद्दल नको, कामाबद्दल

आमच्या पहिल्या शेऱ्याचा खरा दोष मात्र भाषेच्याही आधीचा होता. "पुअर" हा निकाल आहे. त्यातून समोरच्याला कळतं की आपण कमी पडलो, पण कुठे आणि केव्हा ते कळत नाही. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर काम उलट बिघडलेलं आढळलं. त्यांचं म्हणणं असं की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून हटून स्वतःवर गेलं की त्याचा उपयोग कमी होतो. मॅडमचंही तेच झालं. त्या प्रश्नांचा विचार न करता "मी वाईट शिक्षिका आहे का" याचाच विचार करत बसल्या.

यावर एक सोपी बांधणी आहे. कंपन्यांच्या प्रशिक्षणात तिला सिच्युएशन, बिहेवियर, इम्पॅक्ट म्हणतात. केव्हा घडलं, नेमकं काय घडलं, त्याचा परिणाम काय झाला. आम्ही त्यात चौथी गोष्ट जोडतो : आता एकच काय करून बघायचं.

तोच शेरा पुन्हा लिहिताना

तिसऱ्या वेळी आम्ही वही घेऊन बसलो आणि मोजायला लागलो. पहिल्या 10 मिनिटांत मॅडमनी 11 प्रश्न विचारले. त्यातल्या 9 प्रश्नांची उत्तरं पहिल्या बाकावरच्या त्याच तीन मुलींनी दिली. प्रश्न विचारला की एखाद्या सेकंदात त्या मुली बोलायच्या, नाहीतर मॅडम स्वतःच उत्तर सांगून टाकायच्या. यात नवल काही नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंदच थांबतात असं दिसलं होतं. हा वेळ तीन सेकंदांवर गेला की उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात.

मग आम्ही असं लिहिलं :

"द पेपर स्ट्रिप्स मेड इट ईझी टू कम्पेअर वन-हाफ अँड वन-थर्ड. इन द फर्स्ट टेन मिनिट्स, आय काउंटेड इलेव्हन क्वेश्चन्स. नाइन वेअर आन्सर्ड बाय द सेम थ्री गर्ल्स. आय कुड नॉट टेल व्हेदर द बॅक रोज अंडरस्टुड व्हाय द डिनॉमिनेटर बिकेम सिक्स. कुड यू ट्राय वेटिंग थ्री सेकंड्स आफ्टर ईच क्वेश्चन, अँड देन कॉलिंग अ नेम? आय विल सिट इन अगेन नेक्स्ट ट्यूजडे."

पहिलं वाक्य कौतुकाचं आहे, पण "गुड" एवढंच म्हणून सोडलेलं नाही. कागदाच्या पट्ट्यांनी अर्धा आणि एक तृतीयांश यांची तुलना सोपी झाली, म्हणजे पट्ट्या पुढेही वापरायच्या हे मॅडमना कळलं. पुढच्या दोन वाक्यांत नुसता आकडा आहे. आकड्याशी भांडण होत नाही, तो लागतही नाही. चौथ्या वाक्यात परिणाम आहे : छेद सहाच का झाला हे मागच्या मुलांना कळलं की नाही, ते आम्हाला सांगता आलं नाही. इथे "दे डिड नॉट अंडरस्टँड" लिहिलं नाही, कारण ते आम्हाला माहीतच नव्हतं. पाचव्या वाक्यात उद्याचं काम आहे आणि ते एकच आहे. शेवटच्या वाक्यात दिवस दिला आहे, म्हणजे ही सूचना हवेत राहणार नाही.

कौतुकानंतर आम्ही "बट" लिहिलं नाही, हेही पाहा. "युअर लेसन वॉज गुड, बट..." असं सुरू केलं की वाचणारा "बट"च्या आधीचं विसरून जातो. पूर्णविराम द्यावा आणि नवीन वाक्य सुरू करावं.

आपल्या तोंडचे धोक्याचे शब्द

काही शब्दप्रयोग आपल्याला सौम्य वाटतात, पण इंग्रजीत ते टोचतात. "यू हॅड बेटर चेक द नोटबुक्स" हे आपल्याला "वह्या तपासल्या तर बरं" असं वाटतं. इंग्रजीत मात्र त्यात "नाहीतर बघा" अशी धमकी असते. "यू कुड चेक" किंवा "इट वुड हेल्प टू चेक" म्हणावं.

"आय हॅव अ डाऊट अबाउट युअर लेसन प्लॅन" हे आपण "शंका आहे"वरून आणतो. बाहेरच्या देशातल्या माणसाला मात्र वाटेल की माझ्या नियोजनावर यांचा भरवसाच नाही. "आय हॅव अ क्वेश्चन" पुरेसं आहे. "व्हाय डिडन्ट यू यूज द बोर्ड?" हा लेखी प्रश्न झडतीसारखा लागतो, कारण कागदावर आपला लहजा दिसत नाही. "व्हॉट मेड यू चूज द चार्ट इन्स्टेड ऑफ द बोर्ड?" विचारलं की कारण कळतं, आणि कधी कधी ते कारण बरोबरही निघतं. आणि "फॉर युअर काइंड इन्फॉर्मेशन" मध्ये "काइंड" असला तरी तो टोमणाच वाटतो.

नरमाई किती?

उलट बाजूची चूकही सांगायला हवी. "आय वॉज जस्ट वंडरिंग इफ मेबी यू माइट पर्हॅप्स थिंक अबाउट वेटिंग अ लिटल" अशा वाक्यात काम हरवून जातं. नव्या माणसाला वाटतं, करायचं तर करा, नाहीतर राहू द्या. आमचा नियम सोपा आहे : एका वाक्यात नरमाईचा एकच शब्द, आणि करायचं काम मात्र मोजता येईल असं. "अ लिटल" नाही, "थ्री सेकंड्स".

काही ठिकाणी ही नरमाई अजिबात चालत नाही. मुलाला मारलं, वर्गासमोर त्याचा अपमान केला, तर "कुड यू" नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. तिथे एकांतात बोलवून शांतपणे, पण स्पष्ट सांगावं : "धिस इज नॉट अलाऊड. प्लीज डू नॉट डू इट अगेन."

आधी बोलावं, मग लिहावं

आता आम्ही फॉर्म देण्याआधी दहा मिनिटं एकांतात बसतो. बोलणं मराठीत किंवा उर्दूत, जी भाषा समोरच्याला जवळची असेल तिच्यात. मग इंग्रजी कागद हाती आला तरी धक्का बसत नाही. शेवटी एवढंच विचारतो, "उद्याच्या तासाला काय करून बघणार?" उत्तर "हां सर, इम्प्रूव्ह करूंगी" असं आलं तर समजावं की आपण मोघम बोललो, पुन्हा सांगावं लागेल. "प्रश्न विचारून मनात तीन मोजणार, मग नाव घेणार" असं आलं तर सांगणं पोचलं.

त्या मंगळवारी आम्ही पुन्हा मागच्या बाकावर होतो. मॅडमनी 1/2 आणि 1/4 ची बेरीज फळ्यावर लिहिली, प्रश्न विचारला आणि थांबल्या. पहिल्या बाकावरचे तीन हात लगेच वर गेले. मॅडमनी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचं नाव घेतलं. तो उठला, चुकीचं उत्तर दिलं, मग पट्ट्या पाहून स्वतःच दुरुस्त केलं. पहिल्या 10 मिनिटांत या वेळी आठ वेगवेगळी मुलं बोलली. फॉर्मवर तो आकडा लिहून आम्ही सही केली.